चार दांड्यांवर टांगलेला ड्रम

टॉप लोड वॉशिंग मशीनच्या आत ड्रम बसवलेला नसतो, टांगलेला असतो. झाकण उघडल्यावर दिसतो तो छिद्रांचा स्टीलचा ड्रम. त्याच्या बाहेर प्लॅस्टिकचा मोठा टब, ज्यात पाणी साठतं. टबच्या बुडाला मोटर. कपडे आणि पाण्यासकट हा सगळा पसारा पत्र्याच्या पेटीच्या चार कोपऱ्यांतून खाली सोडलेल्या चार लोखंडी दांड्यांवर लटकत असतो. दुकानात त्यांना सस्पेन्शन रॉड म्हणतात. चार दोऱ्यांच्या पाळण्यासारखीच रचना. फरक एवढाच, की पाळण्याला झोका लागतो आणि इथे झोका जिरवायचा असतो.

हे मला गेल्या पावसाळ्यात कळलं, कारण त्या चार दांड्यांवर आमच्या डिपॉझिटमधले १७,००० रुपये अडकले होते.

आम्ही तिघी कर्वेनगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. मशीन घरमालक काकांचं, साडेसहा किलोचं, दहा वर्षं जुनं, आमच्या आधीच्या भाडेकरूंनीही वापरलेलं. ते ड्राय बाल्कनीत ठेवलंय. जून संपता संपता स्पिन सुरू झाला की ते दणदण आपटायला लागलं. नुसता आवाज नव्हता. मशीन चालायचं. दहा मिनिटांत भिंतीपासून वीतभर पुढे यायचं, वायर ताणली जायची, आणि मग पॅनेलवर UE अशी अक्षरं लुकलुकून ते गप्प व्हायचं. काही कंपन्यांच्या मशीनवर याच जागी UB दिसतं. अर्थ एकच: आतला तोल गेलाय, मी पुढे फिरणार नाही.

खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. आम्ही ऑफिसातून येऊन रात्री साडेदहाला मशीन लावणार आणि त्यांच्या डोक्यावर ढोलपथकाची तालीम सुरू होणार. काकू भांडायला आल्या नाहीत. एकदा फक्त दारात उभं राहून म्हणाल्या, "आईंना वाटतं वर कोणीतरी भिंत पाडतंय." ते भांडणापेक्षा जास्त लागलं.

मग प्रत्येकाचं एकेक निदान आलं. घरमालक काका फोनवर म्हणाले, "तीन पोरींचे कपडे एकदम कोंबता तुम्ही, ड्रम हलणारच. नवीन घ्यावं लागलं तर मी डिपॉझिटमधून कापणार, आधीच सांगतो." अ‍ॅपवरून बोलावलेला तंत्रज्ञ दहा मिनिटांत ३५० रुपये घेऊन गेला. जाताना सांगून गेला की ड्रम गेलाय, एवढ्या जुन्या मशीनवर खर्च करण्यात अर्थ नाही. नवीन मशीन १७,००० च्या आसपास. काकूंच्या मते आमच्या बाल्कनीची फरशीच वाकडी होती.

गंमत अशी की ही तिन्ही कारणं बाहेरून अगदी सारखीच दिसतात. कपड्यांचा तोल गेला तरी मशीन गदगदा हलतं, मशीन सपाट उभं नसलं तरी हलतं, आणि रॉड झिजले तरी हलतं. पण दोष कोणाचा आणि पैसे कोणाचे, हे मात्र कारणागणिक बदलतं. कपडे कोंबले असतील तर आमची चूक. रॉड झिजले असतील तर दहा वर्षांच्या वापराची झीज, आणि त्यातलं आमचं जेमतेम एक वर्ष. म्हणून आधी वेगळं काढायला हवं होतं की हलतंय नेमकं कशामुळे.

थोडं गणित सांगते, कारण त्याशिवाय हा आवाज एवढा का होतो ते कळत नाही. स्पिनमध्ये ड्रम मिनिटाला साधारण ७०० फेरे घेतो. मध्यापासून ड्रमची भिंत सुमारे २० सेंटिमीटर. एवढ्या वेगात भिंतीला चिकटलेली वस्तू स्वतःच्या वजनाच्या जवळपास ११० पट जोराने बाहेर दाबते. ओली जीन्स एक किलोची धरली तर भिंतीवर तिचा भार ११० किलोचा. समोरच्या बाजूला तेवढंच ओझं असेल तर दोन्ही एकमेकांना सांभाळून घेतात. नसेल तर एक जाडजूड माणूस सेकंदाला अकरा-बारा वेळा ड्रमला एकेका दिशेला खेचतोय असं समजा.

अर्थात कपडे कधीच तंतोतंत सारखे पसरत नाहीत, आणि मशीन बनवणाऱ्यांना ते माहीत असतं. ड्रमच्या तोंडाशी जी जाड प्लॅस्टिकची कडी असते तिच्या आत खारं पाणी भरलेलं असतं. ड्रम जोरात फिरायला लागला की हे पाणी आपोआप हलक्या बाजूला सरकतं आणि बराचसा तोल सावरतं. रिकामा ड्रम हाताने हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो तो हाच. अनेकांना वाटतं पाणी अडकलंय. तसं नसतं, तो आवाज यायलाच हवा.

पण ही कडी वेग आल्यावरच कामाला येते. खरी अडचण त्याआधी असते. प्रत्येक टांगलेल्या वस्तूची एक स्वतःची लय असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकासा धक्का देत राहिलं की झोका वाढत जातो, तसंच इथे. ड्रम शून्यावरून ७०० फेऱ्यांकडे जाताना मध्ये एका कमी वेगाला त्याच्या फेऱ्यांची लय आणि टांगलेल्या टबची लय जुळते, आणि टब घुमायला लागतो. चांगलं मशीनही या टप्प्यावर दोन-चार गचके देतं आणि मग शांत होतं. ते शांत होतं ते रॉडमुळे. रॉडच्या खालच्या टोकाला स्प्रिंग असते आणि त्यावर प्लॅस्टिकचा एक कप, जो दांडीवर घट्ट घासत वरखाली सरकतो. टबचा झोका त्या घासण्यात जिरतो. कप झिजून सैल झाला की स्प्रिंग टबला तोलून धरते, पण झोका थांबवणारं कोणीच उरत नाही.

यातून तीन कारणं ओळखण्याची एक ढोबळ खूण मिळते. कपड्यांचा दोष असेल तर कपडे पसरून पुन्हा लावल्यावर तो जातो. उभं राहण्यात दोष असेल तर मशीन सहसा पूर्ण वेगात थरथरतं आणि चालतं, अगदी रिकामं असलं तरी. रॉडचा दोष असेल तर ड्रम वेग घेताना आणि स्पिन संपून मंदावताना आपटतो, कपडे कितीही नीट लावले तरी.

रविवारी सकाळी मी मशीन पूर्ण रिकामं करून नुसता स्पिन लावला. माझ्या मते ही सगळ्यात पहिली करायची गोष्ट, आणि त्या तंत्रज्ञाने नेमकी तीच केली नाही. आत एक रुमालही नाही, म्हणजे कपड्यांना दोष द्यायला जागाच नाही. वेग घेताना फारसं काही झालं नाही. पूर्ण वेगात मात्र अख्खी पेटी थरथरायला लागली आणि पुढचा उजवा कोपरा फरशीवर टकटक करू लागला. मशीन बंद करून वरच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने तळहाताने दाबलं. डगमगत होतं, आडव्या पायाच्या टेबलासारखं.

म्हणजे काकू बरोबर होत्या, निदान अर्ध्या. ड्राय बाल्कनीच्या फरशीला जाळीकडे उतार असतोच, नाहीतर पाणी वाहून कसं जाणार. मी फोनमधलं लेव्हल उघडून फोन मशीनच्या वरच्या पत्र्यावर ठेवला. झाकणावर नाही, कारण झाकण स्वतःच वाकडं असू शकतं. दीड अंशाचा कल दिसला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ५४ सेंटिमीटर रुंदीवर दीड अंश म्हणजे एक बाजू जवळपास दीड सेंटिमीटर खाली. फोनवर विश्वास नसेल तर आणखी एक सोपी पद्धत आहे: ड्रममध्ये थोडं पाणी घ्यायचं आणि पाण्याची रेघ छिद्रांच्या ओळीला समांतर आहे का ते बघायचं. पाणी खोटं बोलत नाही.

मशीन मागे कलवून पाहिलं तर पुढच्या उजव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. आधीच्या कोणीतरी घातलेली. पावसाळ्यात ती भिजून पापडासारखी झाली होती, आणि जूनमध्येच त्रास का सुरू झाला त्याचं उत्तरही तिथेच मिळालं. पुठ्ठ्याची गरजच नव्हती. आमच्या मशीनला तोच एक पाय आट्यांचा आहे, बाकी तीन पक्के. तो फिरवून दीडेक सेंटिमीटर बाहेर काढला. त्यावर एक चपटा नट असतो, तो पान्याने वर पेटीच्या तळाला घट्ट टेकवायचा. हा नट लोक विसरतात आणि मग मशीनच्या थरथरीने पाय स्वतःच हळूहळू आत जातो. पायाची लांबी पुरत नसेल तर कडप्प्याचा सपाट तुकडा पूर्ण पायाखाली येईल असा ठेवावा. पुठ्ठा, कापड, मऊ रबर यांतलं काही नको. जे दबतं ते तोल घालवतं.

पुन्हा रिकामा स्पिन. पेटी गप्प. आम्ही दोघींनी टाळ्या दिल्या, ज्या थोड्या लवकर झाल्या.

कारण कपडे घालून बघणं बाकी होतं. काकांचा आरोप कपड्यांवरच होता, म्हणून ते मोजून घातले. बॅगा तोलायचा लटकता काटा घरात होता. कोरडे तीन किलो, म्हणजे मशीनच्या क्षमतेच्या निम्म्याहून कमी. टी-शर्ट, उशांचे अभ्रे, दोन टॉवेल समोरासमोर. एकही जड एकटा कपडा नाही. सोलापुरी चादर मुद्दाम बाहेर ठेवली. ती पाणी पिऊन एका बाजूला लादीसारखी बसते, आणि तिच्याबरोबर नुसते मोजे असतील तर तोल सावरणार कोण? स्पिन सुरू झाला आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातच टब पेटीवर धाडधाड आपटला. मशीनने स्वतःच थांबून पुन्हा पाणी घेतलं, कपडे हलवले, परत प्रयत्न केला. ही त्याची ठरलेली पद्धत असते. स्पिनमध्ये मध्येच पाणी भरल्याचा आवाज आला आणि पॅनेलवरची मिनिटं कमी व्हायच्या ऐवजी वाढली तर समजायचं की मशीन तोल सावरायला बघतंय. तिसऱ्या प्रयत्नानंतर UE.

मशीन आता सपाट, कपडे सारखे आणि निम्मे. उरले रॉड.

ते उघडल्याशिवायही तपासता येतात. प्लग काढायचा, झाकण उघडायचं, ड्रमची कड दोन्ही हातांनी सरळ खाली दाबायची आणि सोडून द्यायची. चांगल्या रॉडवर ड्रम वर येतो आणि तिथेच थांबतो, फार तर एकदा हलतो. आमचा पाच-सहा वेळा वरखाली झाला, खड्ड्यातून गेलेल्या जुन्या रिक्षासारखा. शिवाय ड्रम मध्यावरही नव्हता. एका बाजूला ड्रम आणि तोंडाच्या कडेमध्ये चार बोटं मावत होती, समोर जेमतेम दोन. त्या बाजूचा रॉड खचलेला.

आणखी एक गोष्ट करून घेतली. ड्रम हाताने सावकाश गोल फिरवला. घासल्याचा, खरखरीचा आवाज आला असता तर भानगड बेअरिंगची असती, आणि तिथे रॉड बदलून काहीच झालं नसतं. तो खर्च मोठा असतो आणि मग जुनं मशीन सोडून द्यावं हा सल्ला बरोबरही ठरू शकतो. आमचा ड्रम गुपचूप फिरला. ड्रम "गेला" नव्हता.

मागच्या बाजूच्या स्टिकरवरून मॉडेल नंबरचा फोटो काढून मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. दुकानदाराने फोटो बघून लगेच चार रॉडचा सेट पुढे ठेवला, ११५० रुपये. मी विचारलं, "दोनच खराब असतील तर दोन देता का?" तो म्हणाला, "ताई, दोन नवीन दोन जुने लावले की टब नवीनवाल्यांकडे उंच राहतो. चारही बदला." पटण्यासारखं होतं. त्याने आणखी एक सांगितलं, की पुढचे आणि मागचे रॉड नेहमी सारखे नसतात, स्प्रिंगचा रंग किंवा लांबी वेगळी असते, तेव्हा काढताना कुठला कुठे होता त्याचा फोटो ठेवा.

काम दोघींचं आहे, एकटीने करू नये. आधी प्लग काढला, नळ बंद केला, पाइपातलं पाणी सोडून दिलं. वरच्या पॅनेलचे स्क्रू काढून ते झाकणासकट उचललं आणि मागे दोरीने खिडकीच्या गजाला बांधलं, कारण ते डोक्यावर पडण्याची भारी हौस बाळगून असतं. पॅनेलमधून खाली जाणाऱ्या वायरींना हात लावला नाही. आतल्या पत्र्याच्या कडा धारदार असतात, म्हणून भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले. प्रत्येक कोपऱ्यात रॉडचं वरचं टोक एका प्लॅस्टिकच्या अर्ध्या चेंडूवर बसलेलं दिसतं. रूममेटने त्या कोपऱ्याकडून टब थोडा वर उचलून धरला, भार हलका झाल्यावर मी ते टोक खाचेतून बाहेर काढलं, रॉड खाली उतरवला आणि टबच्या बुडाशी असलेल्या कानातून सोडवला. नवीन रॉड त्याच वाटेने उलटा. एक कोपरा पूर्ण झाल्यावरच दुसरा. चारही एकदम सोडले तर टब खाली बसतो आणि मग दोघी काय, चौघीही पुरत नाहीत.

पहिल्या कोपऱ्याला चाळीस मिनिटं लागली, चौथ्याला आठ.

जुने रॉड फरशीवर मांडले तेव्हा सगळा वाद संपला. नव्या रॉडवरचा कप सरकवायला दोन्ही हातांचा जोर लागत होता आणि तो हळूहळू, चिकटत सरकायचा. जुन्यांपैकी दोघांचे कप काठीतल्या बांगडीसारखे सरसर वरखाली जात होते. ग्रीस वाळून काळी पूड झालेली, दांडीवर गंज. एका रॉडचा वरचा प्लॅस्टिकचा चेंडू तडकलेला. ही झीज एका वर्षाच्या कपड्यांची नव्हती. रूममेट म्हणाली की जुन्यांनाच तेल घालून बघूया का. तेल इथे उलटं काम करतं. कपाचं कामच मुळी घासण्याचं, आणि ते घासणं घालवलं की झोक्याला रान मोकळं.

तीन किलोचे तेच कपडे, तोच स्पिन. वेग घेताना दोन गचके, आणि मग फक्त घूं.

मी चार जुन्या रॉडचा फोटो आणि कप सरकतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काकांना पाठवला. सोबत कपड्यांच्या वजनाचा फोटो आणि ११५० चं बिल. निळ्या खुणा संध्याकाळीच आल्या, उत्तर दुसऱ्या दिवशी. "रॉडचे पैसे भाड्यातून वजा करा. त्या मेकॅनिकचे ३५० तुमचे." मला ते मान्य होतं. १७,००० चा विषय परत निघाला नाही.

एक गोष्ट मात्र रॉड नवीन असूनही आम्ही मशीनमध्ये घालत नाही: रेनकोट, आणि गादीवरचं वॉटरप्रूफ कव्हर. अशा कापडात पाणी फुग्यासारखं अडकतं, छिद्रांतून निघून जात नाही, आणि पूर्ण वेगात तो फुगा अचानक सरकला तर कुठलाही रॉड किंवा खाऱ्या पाण्याची कडी ते सावरू शकत नाही. यात अतिशयोक्ती नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत सॅमसंगने सुमारे २८ लाख टॉप लोड मशीन परत दुरुस्तीला घेतली होती, कारण जोरदार थरथरीने वरचा भाग सुटून येत होता आणि एका व्यक्तीचा तर जबडा मोडला होता. तिथेही ग्राहकांना हेच सांगितलं गेलं, की अंथरूण-पांघरूण आणि वॉटरप्रूफ वस्तू कमी वेगाच्या सायकलवर धुवा. आम्ही तेही करत नाही, बादलीत धुऊन दोरीवर टाकतो.

गेल्या महिन्यात खालच्या काकूंनी जिन्यात थांबवलं. मला वाटलं आवाज परत सुरू झाला. त्या म्हणाल्या, "तुमचं शांत झालं ते बरं झालं गं, पण आता आमचं हलतंय. जरा बघतेस का?" मी त्यांच्या बाल्कनीत गेले, प्लग काढून ड्रमची कड दाबली आणि सोडली. एकदा हलला आणि थांबला. रॉड ठणठणीत. मग खाली वाकून बघितलं. मशीन चाकांच्या स्टँडवर उभं होतं, फरशी पुसायला सोपं जावं म्हणून मुलाने ऑनलाइन मागवलेल्या.